चिंचेनं घासलेला चष्मा

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयच्या मराठी मंडळात त्या वर्षी गणपतीच्या आरतीइतक्याच भक्तिभावाने एक बातमी फिरत होती. फरक एवढाच, की आरती मोठ्याने म्हणत होते आणि बातमी कानात. बातमी अशी, की उकिडव्यांच्या शुभाकाकू नवऱ्याला मारतात.

पुरावा? पुरावा समोरच खुर्चीवर बसून मोदक खात होता. श्रीराम उकिडवे. सत्तरी ओलांडलेले, अंगकाठी अशी की झब्बा हलला तर आत माणूस आहे की हँगर, असा प्रश्न पडावा. दोन्ही डोळ्यांखाली, गालाच्या हाडावर, काळपट लाल कमानी. कानशिलांवर चट्टे. कानांमागे खपल्या. आणि शेजारी शुभाकाकू, भरभक्कम, आवाज असा की त्या निवेदनाला असल्या तर मंडळाने माईक भाड्याने घ्यायचं कारण नव्हतं. दोघांना शेजारी शेजारी पाहिलं की बातमीला वेगळा साक्षीदार लागत नसे.

"एका डोळ्याखाली असतं तर म्हटलं असतं, पडले बिचारे," पद्मिनीकाकू ताटात वरण वाढता वाढता म्हणाल्या. "पण दोन्हीकडे अगदी सारखं! पडणारा माणूस इतका टापटिपीने पडतो का?"

पद्मिनीकाकू मंडळाच्या खजिनदार होत्या. पैशांचा हिशेब त्यांचे यजमान राजीव सांभाळत. बाकी सगळ्या हिशेबाला काकू खंबीर होत्या.

"मी विचारलं हो स्पष्ट. तर म्हणाले, 'चष्मा टोचतो.' चष्मा म्हणे!"

"असंच सांगतात," दुसरी कुणीतरी म्हणाली. "कुणी दारावर आपटलं म्हणतं, कुणी चष्मा म्हणतं."

आता गंमत बघा. त्या हॉलमध्ये इतकी माणसं, त्यांतले निम्मे इंजिनिअर, आणि खरी गोष्ट फक्त श्रीरामकाका सांगत होते. तीही आपण खरं सांगतोय हे स्वतःला न कळता.

श्रीरामकाका मूळचे सांगलीचे. तरुणपणी डेट्रॉइटला आले ते गाड्यांच्या बंपरना मुलामा देणाऱ्या कारखान्यात, आणि रिटायर झाले तेही तिथूनच. बंपरची चकाकी लोकांना दिसते ती क्रोमची. "पण क्रोम म्हणजे नुसती वरची पावडर," काका सांगायचे, "खाली खरं अंग असतं ते निकेलचं." हिरव्यागार निकेलच्या हौदांच्या काठावर त्यांची सगळी नोकरी गेली. हात भिजले, बाह्या भिजल्या, एकदा तर कोपरापर्यंत बुडाले. "निकेल आणि मी एका ताटात जेवलोय," असं ते म्हणत, आणि ते ऐकून शुभाकाकू म्हणत, "मग आज भांडीही त्यालाच घासायला सांगा."

नाकावर आयुष्यभर जाड काचांचा चष्मा. चष्मा काढला की शुभा कुठली आणि फ्रिज कुठला हे त्यांना आवाजावरूनच कळे, आणि फ्रिज जुना असल्यामुळे त्यातही कधी कधी गफलत होई. काँटॅक्ट लेन्सचा प्रयोग एकदा झाला होता. थरथरत्या बोटाने डोळा सोडून सगळीकडे लेन्स बसली. तेव्हा चष्मा हाच डोळा. आणि या चष्म्याच्या जोरावर गाडी, आणि गाडीच्या जोरावर संसार. काकू गाडी चालवत नसत. ट्रॉयमध्ये गाडी नसलेला म्हातारा म्हणजे बेटावरचा म्हातारा. भाजी, डॉक्टर, देऊळ, भजन, सगळं पाण्यापलीकडे. दूर वाळवंटातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत असलेला मुलगा वेद दर फोनला म्हणायचा, "बाबा, इकडे या, यार. किती दिवस स्नो काढत बसणार?" आणि काका म्हणायचे, "ज्या दिवशी गाडी चालवता येणार नाही, त्या दिवशी येतो." हा त्यांनी स्वतःहून दिलेला शब्द. शहाण्या माणसाने असले शब्द मुलांना देऊ नयेत. मुलांची स्मरणशक्ती चांगली असते.

चष्म्याची खरी कथा त्याच्या आदल्या दिवाळीत सुरू झाली. काकांचा जुना, तपकिरी, जाड प्लास्टिकसारख्या फ्रेमचा चष्मा वर्षानुवर्षं चालला होता. दिवाळीच्या सकाळी ते त्याच्यावरच बसले. तेव्हा वेद आणि सून हिमानी आले होते. वेदने तातडीने मॉलमधून नवा चष्मा करून आणला.

"बाबा, हा मेमरी मेटलचा आहे. टायटॅनियम. तुम्ही वर बसलात तरी चालेल."

"धातूला कसली आलीय मेमरी? मला स्वतःला नाही राहिली," असं म्हणत काकांनी काडी बोटाला गुंडाळली आणि सोडली. काडी टुणकन सरळ झाली. त्यांनी पुन्हा गुंडाळली. पुन्हा सरळ. आयुष्यभर धातूत घालवलेला माणूस. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा नातवंड बघितल्यासारखा भाव आला. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात 'टायटॅनियम' लिहिलेलं होतं. त्यांनी ते भिंगातून वाचलं, शुभाकाकूंना वाचून दाखवलं, आणि मग संक्रांतीपासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात चष्म्याचा खेळ सुरू झाला. चष्मा मुरडायचा, सोडायचा, टाळ्या घ्यायच्या. एकदा तर मुद्दाम त्याच्यावर बसूनही दाखवलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोळ्यांत सलत होती. फ्रेमवर कॉफीच्या रंगाचा लेप होता. इतका गुणी धातू आणि वर हा रंग! ज्या माणसाने जन्मभर धातूला चमक दिली, त्याला ते कसं सोसावं? उकिडव्यांच्या घरी दर शनिवारी देवघरातली पितळेची भांडी चिंच आणि मिठाने घासायचा नेम होता, आणि तो काकांकडे होता. काकूंच्या घासण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. अशाच एका शनिवारी बाळकृष्ण घासून झाला, समई घासून झाली, आणि तोच चिंचेचा कोळ त्यांनी चष्म्याच्या काडीवर फिरवला. कोपऱ्यावर थोडा रंग सुटला. खालून रुपेरी लकाकी दिसली. झालं! दर शनिवारी बाळकृष्णाच्या पाठोपाठ चष्म्याला अभिषेक. उन्हाळ्यापर्यंत लेप पार गेला आणि चष्मा आरशासारखा चमकू लागला.

"बघ, आता दिसतोय खरा टायटॅनियम," काका म्हणाले.

"दिसतोय ना? मग आता देव्हाऱ्यातच ठेवा," काकू म्हणाल्या.

जुलैच्या घामात, बागेत टोमॅटोला आळी करताना, पहिल्यांदा कानामागे खाज सुटली. मग कानशिलावर. मग डोळ्यांखाली, जिथे चष्म्याची खालची कड गालावर टेकत असे, तिथे लाल कमानी उमटल्या, पाणी सुटलं, खपल्या धरल्या. काकूंनी आधी हळद लावली, मग खोबरेल, मग साबण बदलला, मग उशीचे अभ्रे उकळले. काहीही होईना. काकांना वाटलं, चष्मा घट्ट झालाय. म्हणून त्यांनी काड्या वाकवून सैल करायचा प्रयत्न केला, पण त्या काडीला आपला आकार बरोबर आठवत होता. ती परत जागेवर. मग त्यांनी टिश्यू पेपरच्या घड्या करून चष्मा आणि गाल यांच्यामध्ये खोचल्या. दुकानात, देवळात, गाडीत, काकांच्या दोन्ही गालांवर पांढऱ्या पताका.

ते फॅमिली डॉक्टरकडे गेले. तिथल्या नर्सने, अमेरिकेत विचारतात तसं, काकूंना बाहेर बसवून काकांना एकट्याला विचारलं, "घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का?"

काका प्रामाणिक माणूस. विचार करून म्हणाले, "हिवाळ्यात नाही वाटत."

नर्सची बोटं की-बोर्डवरच थांबली. "हिवाळ्यात काय होतं?"

"बेसमेंटचा जिना. मागच्या वर्षी खालपर्यंत गेलो मी."

"तुम्हाला कुणी ढकललं का?"

"बायको मागे होती," काका म्हणाले, "पण ती लाँड्री घेऊन."

पुढे बराच वेळ गेला, आणि मग नर्सला हसू आलं. काकांनाही आलं. त्यांनी हा किस्सा गणपतीत, हातवारे करून, रंगवून रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसले. घरी जाताना गाडीत हसायचे थांबले, आणि मग विचार करू लागले. असा हा पुरावा क्रमांक दोन, काकांनी स्वहस्ते पुरवलेला.

डॉक्टरांनी मलम दिलं. मलमाने चट्टे बसत, मलम थांबलं की उठत. डॉक्टर म्हणाले, त्वचेच्या स्पेशालिस्टला दाखवा. तारीख मिळाली थेट फेब्रुवारीची. "तोपर्यंत माझं तोंड टिकलं पाहिजे," काका म्हणाले. करणार काय? चष्मा घातला तर आग, काढला तर अंधार.

नोव्हेंबरमध्ये, भजनाहून परतताना, आपल्याच गल्लीच्या वळणावर काकांच्या उजव्या डोळ्याखाली अशी काही खाज सुटली, की त्यांनी एका हाताने चष्मा वर केला. टिश्यू पडला. तो शोधायला नजर खाली गेली. गाडी शेजाऱ्यांच्या लेटरबॉक्सवर. खांब आडवा, बंपरला पोचा. माणसं सुखरूप. काका उतरले, आधी बंपर बघितला आणि म्हणाले, "आता हे प्लास्टिकचेच करतात. मुलामा नाही काही नाही."

लेटरबॉक्स दुसऱ्या दिवशी उभा राहिला. पण त्याआधीच पद्मिनीकाकूंनी चँडलरला हिमानीला फोन केला होता. 'काळजी म्हणून.' काळजीपोटी माणूस काय काय सांगू शकतो, याला मर्यादा नाही.

वेद आठवड्याच्या आत येऊन धडकला. बापाचा चेहरा बघून तो दारातच थांबला. जेवताना आईकडे बघेना. मग गाडीचा पोचा बघायच्या निमित्ताने त्याने काकांना गॅरेजमध्ये नेलं.

"बाबा, तुमची आणि आईची भांडणं होतात का?"

"होतात की! रोज. नाहीतर दिवस कसा जाणार?"

"नाही, म्हणजे... आय मीन, ती तुम्हाला कधी... हात वगैरे..."

काका आधी समजले नाहीत. समजले तेव्हा इतके हसले, की चष्मा घसरून तोंडावर आला. "अरे, तुझी आई? मला? ती माशी मारताना डोळे मिटते!"

"बाबा, असंच म्हणतात सगळे. हसून टाळतात. आय नो हे सांगणं सोपं नसतं."

"अरे पण सांगण्यासारखं काही नाहीच, तर सांगू काय? चष्मा टोचतो मला!"

"तो टायटॅनियम आहे, बाबा. हायपोअ‍ॅलर्जेनिक. मी वाचून घेतलाय. टायटॅनियमने कुणाला काही होत नाही."

यावर काका गप्प बसले, कारण हे त्यांनाही पटत होतं. धातूच्या बाबतीत ते खोटं बोलू शकत नव्हते. आणि मुलाने दिलेल्या वस्तूला नावं ठेवणं जिवावर आलं होतं. त्यांचं ते गप्प बसणं मुलाने आपल्या परीने वाचलं.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. शुभाकाकू पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं होतं.

त्या रात्री वेदने गाडीची किल्ली मागून घेतली. "तुम्ही शब्द दिला होता, बाबा." दिला होता. काकांनी किल्ली दिली. वेद परत गेला, किल्ली सोबत घेऊन गेला, आणि तिथून एजंटशी बोलून त्याने घर विकायला काढलं. कागद फोनवर येत, काका बोटाने सही करत. एकदा त्यांनी विचारलं, "वेद, थोडं थांबूया का? त्वचेच्या डॉक्टरकडे जायचंय." वेद म्हणाला, "बाबा, त्वचेचा प्रश्न नाहीये हा." मग कशाचा आहे, हे विचारायची काकांना हिंमत झाली नाही; फोन स्पीकरवर होता, उत्तर आत, स्वयंपाकघरात, ऐकू गेलं असतं.

आणि घरात एक विचित्र गोष्ट घडली. शुभाकाकू हळू बोलू लागल्या. चहा थंड झाला तरी ओरडेनात. मोजे सोफ्यावर टाकले तरी काही नाही. काकांनी मुद्दाम टॉवेल पलंगावर ओला टाकला, दोनदा टाकला. काकूंनी मुकाट्याने उचलून वाळत घातला. मंडळाच्या संक्रांतीला त्या आल्याच नाहीत. काका राजीवच्या गाडीतून एकटे गेले, तर पद्मिनीकाकूंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून डोळ्यांत पाणी आणलं. "एकटे येऊ दिलं का तुम्हाला?" काका घरी आले आणि म्हणाले, "शुभा, जरा भांड माझ्याशी."

"नको," त्या म्हणाल्या. "शेजारी ऐकतात."

फेब्रुवारी आला. त्वचेच्या डॉक्टरांनी काकांच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या बारीक बारीक चकत्या चिकटवल्या. दोन दिवस आंघोळ नाही. चकत्या काढल्यावर आणि पुढे पुन्हा एकदा, अशी दोन वेळा पाठ तपासली. बाकी पाठ कोरी, आणि एकाच चकतीखाली लाल, सुजलेला, खाजरा चट्टा.

"निकेल," डॉक्टर म्हणाले.

"अशक्य," काका म्हणाले. "मी त्यातच आयुष्य काढलंय."

"म्हणूनच असेल," डॉक्टर म्हणाले. "काहींना पुष्कळ संपर्कानंतर लागते ही अ‍ॅलर्जी. एकदा लागली की बहुतेक जन्मभर राहते. चष्मा कसला आहे?"

"टायटॅनियम. लिहिलंय त्याच्यावर."

"मग त्यात निकेल नसावं. तरी चष्मेवाल्याकडून खात्री करून घ्या. आणि किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचं बकल बघा."

बकल म्हटल्यावर काकूंनी बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. "यांच्या बेंबीखाली किती वर्षं नायटा आहे. मी मलम लावते आपली. बकल टेकतं तिथेच."

खात्री करायला म्हणून राजीव दोघांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. हे मॉलमधलं दुकान नव्हे. इथे फ्रेम बसवून द्यायचं काम अनिका करायची. अनिका इथेच जन्मलेली, मंडळातल्याच घरातली, लहानपणी काकांच्या बागेतले टोमॅटो चोरून खाल्लेली. तिने काकांचा चेहरा हातात धरून उजेडाकडे वळवला, मग चष्मा घालायला लावला, मग काढायला लावला.

"काका, लुक. जिथे नुसतं मेटल टच होतं, तिथेच रॅश आहे. नाकावर सिलिकॉनचे पॅड आहेत, तिथे काहीच नाही. कानामागे प्लास्टिकची टोपी झिजलीय, तिथे आहे."

"पण हा टायटॅनियम आहे, बाळ."

"मेमरी मेटल आहे. मेमरी मेटलमध्ये टायटॅनियम साधारण अर्धं असतं, काका. उरलेलं अर्धं निकेल."

काका बघतच राहिले. मागे राजीव फ्रेमच्या रॅकजवळ उभे होते, तेही वळले.

"निकेलशिवाय तो स्प्रिंगसारखा परत येणारच नाही," अनिका म्हणाली. "खूप लोकांना काही होत नाही, कारण वर कोटिंग असतं, निकेल फारसं बाहेर येत नाही. पण अ‍ॅलर्जी असेल तर आम्ही देत नाही हा. आणि खालची ही रिम तर वेगळ्याच मेटलची आहे. काका, याचं कोटिंग कुठे गेलं?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी छताकडे.

"चिंचेने घासलं मी," काका म्हणाले.

"व्हॉट?"

"चिंच आणि मीठ. देवांबरोबर."

अनिकाने काही क्षण डोळे मिटले. "काका, अ‍ॅसिड आणि मीठ. आणि त्यावर उन्हाळ्याचा घाम." मग तिने खालच्या खणातून दोन छोट्या बाटल्या काढल्या, कापसाच्या काडीवर दोन्हींचे थेंब टाकले आणि चष्म्याच्या काडीवर, जिथे 'टायटॅनियम' लिहिलं होतं त्याच्या जरा पुढे, हळूहळू घासू लागली.

वास आला तसं काकांचं नाक वर झालं. अमोनिया. कारखान्याच्या लॅबमधला वास. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. आयुष्यात किती वेळा त्यांनी स्वतः हेच केलं होतं, हौदातून आलेल्या पाण्यावर, धुतलेल्या बंपरवर. तरीही ते बघत राहिले. कापूस हळूहळू गुलाबी झाला. मग आणखी गुलाबी. मग रिमवर दुसरी काडी फिरवली, तीही.

"डायमिथाइल ग्लायॉक्झिम," काका पुटपुटले. "गुलाबी झालं की निकेल. रोज करायचो मी. रोज. घरी नाही आणली कधी बाटली."

शुभाकाकूंनी, ज्यांचा आवाज पार्किंगपर्यंत जायचा, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या आवाजात विचारलं, "म्हणजे मी नाही ना मारलं यांना?"

"काकू!" अनिका म्हणाली. "तुम्ही कशाला माराल?"

राजीवनी एक उन्हाचा चष्मा उचलला आणि त्याची किंमत फार बारकाईने वाचू लागले.

अनिकाने मग ट्रेमध्ये फ्रेमी मांडल्या. एक शुद्ध टायटॅनियमची, पिसासारखी हलकी. "ही चालेल. यात निकेल नसतं. पण बिजागरी, स्क्रू, जोड, सगळ्याला ही काडी लावून मगच देईन." दुसरी अ‍ॅसिटेटची. कापसाच्या आणि लाकडाच्या धाग्यांपासून बनवलेलं प्लास्टिक ते, तपकिरी, जाडसर. "यात काडीच्या आत तार असते, पण ती झाकलेली. टोक झिजून उघडी पडली तर लगेच यायचं. आणि तुमच्या जाड काचांच्या कडा या रिममध्ये लपतील."

काकांनी अ‍ॅसिटेटची फ्रेम नाकावर ठेवली आणि आरशात बघितलं. "ही तर माझी जुनीच दिसते."

"जुनी अ‍ॅसिटेटचीच असणार, काका. म्हणून तर इतकी वर्षं काही झालं नाही."

"टायटॅनियम घ्या ना," राजीव म्हणाले. "हलकी आहे."

"नको," काका म्हणाले. "धातूवर लिहिलेलं वाचायचं बंद केलंय मी."

"आणि काका," अनिका म्हणाली, "ही साबणाने धुवायची. साधं पाणी. चिंच नाही."

"सांग त्यांना!" शुभाकाकू म्हणाल्या, आणि क्षणभर, एकच क्षण, तो जुना आवाज दुकानाच्या काचांना लागून परत आला. मग त्यांनी स्वतःच दचकून इकडेतिकडे बघितलं आणि पर्सची चेन लावली.

घरी येऊन काकांनी वेदला फोन लावला. गुलाबी कापसाची गोष्ट सांगितली, पाठीवरच्या चट्ट्याची सांगितली, चिंचेची पण सांगितली.

"म्हणजे मी दिलेल्या चष्म्याने?" वेद म्हणाला.

"तू छान बघून दिला होतास रे. मी घासला."

"बाबा, आय अ‍ॅम सो सॉरी. आईला द्या फोन." मग आई आणि मुलगा काहीतरी बोलले, काकू नुसत्या "हं, हं" म्हणत होत्या. पुन्हा फोन काकांकडे आला.

"मग आता घर थांबव ना," काका म्हणाले. "चष्मा आला की मी चालवतो गाडी. डोळे चांगले आहेत माझे, चष्मा घातला की."

"बाबा... काँट्रॅक्ट साइन झालंय. घेणाऱ्यांनी त्यांचं घर विकलंय. आता मागे घेतलं तर ते कोर्टात जातील. आणि आम्ही इकडे खोलीला रंग दिलाय. हिमानीने देवघरही घेतलंय ऑनलाइन."

"पितळेचं?"

"लाकडाचं."

"बरं," काका म्हणाले. आपणच बोटाने सही केली होती.

नवा चष्मा आला. गालावरच्या कमानी आधी सुकल्या, मग तपकिरी झाल्या, मग फिकट. मार्चअखेर मंडळाने उकिडव्यांना निरोप दिला, पाडव्याच्या कार्यक्रमातच. राजीवनी घरी सगळं सांगितलं होतं. अर्ध्या मंडळाला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि गोष्ट सोडणं वेगळं. इतकी चांगली गोष्ट, तीही फुकटची, गुलाबी कापसासाठी कोण टाकून देतं?

"निकेल म्हणे," पद्मिनीकाकू श्रीखंड वाढताना म्हणाल्या. "असेलही. पण बघितलंत ना, मुलाने नेलंच शेवटी त्यांना तिथून. आणि नेणार म्हटल्यावर चेहरा कसा उजळला!"

श्रीरामकाकांनी ते ऐकलं. शुभाकाकूंनीही ऐकलं. काकांना वाटलं, आता ही उठेल, आणि हॉलच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात एक सणसणीत वाक्य टाकेल. ते वाट बघत राहिले. काकूंनी नवऱ्याच्या ताटातलं मीठ एका बाजूला सारलं आणि हळूच म्हणाल्या, "जेवा."

आता ते चँडलरला असतात. बाहेर ऊन, आत एसी. गाडी वेद चालवतो. काका शेजारी बसतात, तपकिरी अ‍ॅसिटेटचा चष्मा घालून, आणि प्रत्येक सिग्नलचा रंग मुलाच्या आधी सांगतात. मागे काकू बसतात आणि काही बोलत नाहीत.

शुभाकाकूंनी श्रीरामकाकांवर कधीही हात उचलला नव्हता. श्रीरामकाकांना निकेलची अ‍ॅलर्जी होती, आणि त्यांच्या चष्म्यात निकेल होतं.